चिमणी ग्रीकमध्ये गाते तेव्हा

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर एक तिशीतला माणूस बसलेला आहे. समोरच्या कठड्यावर एक चिमणी येते. ती चार-पाच वेळा त्याचं नाव घेते, ‘सेप्टिमस, सेप्टिमस’, आणि मग सूर लांबवत ग्रीक भाषेत गायला लागते. दुसरी चिमणी तिला येऊन मिळते. दोघी मिळून गातात की जगात गुन्हा नाही आणि मृत्यूही नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ या १९२५ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग मी मराठीत सांगितला, तेव्हा एक शब्द मुद्दाम टाळला. तो शब्द म्हणजे ‘भास’. ‘त्याला भास झाला की चिमणी बोलते आहे’ असं मी म्हटलं नाही, कारण मूळ कादंबरीही तसं म्हणत नाही. चिमणी गायली, एवढंच वाक्य आहे. त्याच पानांवर आकाशात धुराने अक्षरं काढणारं एक विमान आहे आणि ते विमान सगळं शहर बघतंय. विमान जितक्या सरळपणे सांगितलंय, तितक्याच सरळपणे ही चिमणीही. आजारी माणसाचा अनुभव निवेदनाने मानला की नाही, हे मी पहिल्यांदा इथे तपासतो. निवेदक त्याच्या वाक्याला ‘असं त्याला वाटत होतं’ची पाटी लावतो का? पाटी लागली की वाचक सुरक्षित अंतरावर जाऊन उभा राहतो.

सेप्टिमस वॉरन स्मिथ पहिल्या महायुद्धात लढायला स्वतःहून गेलेल्या पहिल्या लोकांपैकी. त्याचा जिवलग वरिष्ठ, इव्हान्स, युद्धविरामाच्या थोडंच आधी इटलीत मारला गेला. त्या वेळी आपल्याला फारसं काही वाटलं नाही, याचं सेप्टिमसला कौतुकच वाटलं होतं. पुढे तेच न वाटणं त्याला आपला गुन्हा वाटायला लागलं. कादंबरी घडते १९२३च्या जूनमधल्या एका दिवसात. सोबत त्याची बायको रेझिया आहे, मिलानची, टोप्या करणारी.

आता ते विमान जरा जवळून बघू. डॉक्टर होम्सनी रेझियाला सांगितलंय की नवऱ्याला काहीच झालेलं नाही, फक्त त्याचं मन बाहेरच्या गोष्टींत रमवा. म्हणून ती त्याला विमान दाखवते, ‘बघ, बघ, सेप्टिमस!’ तो बघतो आणि त्याला कळतं की ते आपल्याला खुणा करताहेत. ती भाषा अजून वाचता येत नाही, पण ते सौंदर्य त्याला पुरतं आणि त्याचे डोळे भरून येतात. शेजारी एक दाई रेझियाला सांगते की ती टॉफीची जाहिरात आहे, आणि अक्षरं लावायला लागते, ‘के... आर...’. सेप्टिमसला तो आवाज कानाशी ऐकू येतो, खोल आणि मऊ, पण त्यात नाकतोड्यासारखी खरखर आहे. ती खरखर त्याच्या पाठीच्या कण्यातून सुखाची शिरशिरी पाठवते.

इथे जाहिरात खोटी ठरत नाही आणि खूणही खोटी ठरत नाही. दाईला टॉफी दिसते, सेप्टिमसला हाक ऐकू येते आणि रेझियाला दिसतं ते डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. तिघांचं म्हणणं एकाच परिच्छेदात, एकाच व्याकरणात येतं. १४ ऑक्टोबर १९२२च्या रोजनिशीत वुल्फ यांनी नोंदवलं होतं की शहाण्याला आणि वेड्याला दिसणारं जग शेजारी शेजारी ठेवायचं आहे. ‘शेजारी शेजारी’ ठेवण्याचं हे काम त्या अशा वाक्यांतून करतात.

अनुवादाच्या निमित्ताने मी या पानांवर बराच काळ घालवला आहे, म्हणून एका छोट्या शब्दाबद्दल सांगतो. एल्मच्या झाडांची पानं वर-खाली होताना पाहून सेप्टिमसला इतका आनंद होतो की त्या आनंदाचीच त्याला भीती वाटते. इंग्रजीत तिथे तृतीयपुरुषी वाक्य आहे. ते शब्दशः आणलं तर ‘पण तो वेडा होणार नव्हता’ असं होतं, आणि मराठीत ते निवेदकाने दिलेलं आश्वासन वाटतं. ‘“मी वेडा होणार नाही,” तो स्वतःशी म्हणाला’ असं केलं तर अवतरणचिन्हांची भिंत उभी राहते. मराठीकडे तिसरा मार्ग आहे: ‘पण आपण वेडं व्हायचं नाही. डोळे मिटून घ्यायचे. काही बघायचंच नाही.’ हा ‘आपण’ ‘तो’ही नाही आणि ‘मी’ही नाही. निवेदक माणसाच्या आत बसलेला असतो आणि तरी त्याची जागा बळकावत नाही. आणि त्या वाक्यात काय आहे तेही बघा. या माणसाला कळतंय की आपलं काहीतरी बिनसतंय. तो सावध आहे, स्वतःला आवरतोय. बाहेरून बघणाऱ्याला ही मेहनत दिसत नाही.

ही मेहनत न दिसण्याचा प्रसंग पुढे येतोच. नावाजलेले तज्ज्ञ सर विल्यम ब्रॅडशॉ त्याला तपासतात. पाऊण तास दिला जातो, निदान मात्र दोन-तीन मिनिटांतच झालेलं असतं. युद्धात मोठी कामगिरी केलीत ना, असं ते विचारतात. रुग्ण प्रश्नार्थक सुरात एकच शब्द परत उच्चारतो: ‘युद्ध?’ डॉक्टर मनात टिपतात की हा शब्दांना प्रतीकात्मक अर्थ देतोय, लक्षण गंभीर आहे, कार्डावर नोंदवायला हवं. आपण मात्र आत आहोत. तो एक शब्द उच्चारताना सेप्टिमसच्या मनात काय चाललंय ते आपण ऐकतो: युरोपातलं ते युद्ध म्हणजे दारूगोळा घेऊन शाळकरी पोरांनी केलेली बाचाबाचीच, नाही का? आणि कामगिरी केली होती की नाही, ते त्याला खरोखरच आठवत नाही. एवढ्या सगळ्याचं कार्डावर एक लक्षण होतं. नंतर तो काही सांगू पाहतो, ‘मी... मी...’ करून अडखळतो, आणि डॉक्टरांना उशीर होत असतो. उपाय ठरतो तो विश्रांतीचा: अंथरुणात, एकांतात, मित्रांशिवाय, पुस्तकांशिवाय, सहा महिने, वजन भरेपर्यंत. त्या काळी असा ‘विश्रांती उपचार’ खरोखरच दिला जात असे आणि वुल्फ यांनी स्वतः तो सोसला होता. पक्षी ग्रीकमध्ये गाताना त्यांनी स्वतःही ऐकले होते, १९०४च्या आजारपणात.

इथेच माझी पहिली तक्रार आहे. ब्रॅडशॉ आले की निवेदनाचा तोल जातो. लेखिका पात्रांच्या मनातून बाहेर येते आणि ब्रॅडशॉ पूजतात त्या ‘प्रमाण’ नावाच्या देवीवर, तिच्या सक्ती करणाऱ्या बहिणीवर पानंच्या पानं थेट बोलते. तो राग मला समजतो, पटतोही. पण ज्या कादंबरीने दाईलाही तिचा आवाज दिला, ती या माणसाला तो देत नाही. त्याचंही एक कार्डच करून टाकते. त्याहून जास्त खटकतं ते असं की पुढचं सगळं दोन डॉक्टरांच्या माथी मारणं वाचकाला फार सोपं होतं. पार्कातल्या बाकावर मात्र एकही डॉक्टर नव्हता आणि इव्हान्स कठड्यामागे उभा होता. त्याच्याकडे बघायची सेप्टिमसची हिंमत होत नव्हती.

आणि ज्या पानांसाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा उघडतो, ती पार्कातली नाहीत. ती शेवटच्या दुपारची आहेत, घरातली. रेझिया शेजारणीच्या लग्न झालेल्या मुलीसाठी, मिसेस पीटर्ससाठी, टोपी शिवते आहे. सेप्टिमस कोचावर पडलाय. डोळे हळूच उघडून तो बघतो की ग्रामोफोन खरंच आहे का. पण खऱ्या वस्तू फार उत्तेजित करतात, एकदम बघून चालायचं नाही. म्हणून आधी खालच्या फळीवरची फॅशनची मासिकं, मग हळूहळू हिरव्या कर्ण्याचा ग्रामोफोन. याहून नेमकं काय असणार! मग धीर करून बाजूचं कपाट, केळ्यांची बशी, राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं चित्र, गुलाबांची बरणी. त्यातलं काहीच हललं नाही. सगळं स्थिर होतं, सगळं खरं होतं.

वेडाची दृश्यं लिहिणं त्या मानाने सोपं असतं. आग, आवाज, मेलेला मित्र, यांत लेखकाच्या प्रतिभेला मोकळं रान मिळतं, आणि वुल्फही पार्कात कधी कधी इतकं सुंदर लिहितात की यातना दागिन्यासारखी दिसायला लागते. केळ्यांच्या बशीपर्यंत नजर नेणं हे मात्र वेगळं काम आहे. आजारी माणूस चोवीस तास आजारी दिसत नाही, आणि बरं असण्याच्या तासातही त्याला केवढा हिशेब करत बघावं लागतं, हे ज्याने आतून पाहिलंय त्यालाच लिहिता येतं. त्यानंतर दोघं टोपीवरून हसतात. त्या बाईच्या मोठ्या डोक्याला ही टोपी फारच लहान, असं तो म्हणतो आणि पेटीवाल्याच्या माकडाला शोभेल अशी एक उपमा देतो. रेझिया हसून लोटपोट होते. फिती आणि फुलं तो स्वतः जुळवतो, रंगांची नजर त्याला आहे, आणि ती ते शिवते. ही टोपी आपल्याला कायम आवडेल, असं तिला वाटतं.

थोड्याच वेळात होम्स जिन्यावरून वर येतात. सेप्टिमसला मरायचं नाहीये, जगणं चांगलं आहे, ऊन आहे, असं तो शेवटच्या क्षणापर्यंत म्हणत असतो, आणि मग खिडकीतून उडी टाकतो. निवेदन त्याचा हात सोडत नाही. होम्स ‘भ्याड!’ म्हणून ओरडतात आणि त्या शब्दाला निवेदक उत्तर देत नाही. ते योग्यच आहे, कारण उत्तर आपण आधीच वाचलेलं आहे.

दुसरी तक्रार रात्रीच्या मेजवानीची. ब्रॅडशॉ दांपत्य उशिरा येतं आणि कारण म्हणून ही बातमी सांगतं. सर विल्यम खासदार रिचर्ड डॅलोवेंशी बॉम्बच्या धक्क्याच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांबद्दल बोलतात, विधेयकात काही तरतूद हवी म्हणतात. डॅलोवेंची बायको क्लॅरिसा, म्हणजेच मिसेस डॅलोवे, आतल्या खोलीत जाते. ज्याला कधी पाहिलंही नाही, त्याच्याशी आपलं साम्य आहे असं तिला वाटतं, आणि त्याने हे केलं याचा तिला आनंद होतो. पुढे वुल्फ यांनीच लिहून ठेवलं की आधीच्या आराखड्यात सेप्टिमस नव्हता आणि मृत्यू क्लॅरिसाच्या वाट्याला होता. ते कळल्यावर हा प्रसंग समजतो, पण माझं मन राजी होत नाही. इतका वेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा माणूस इथे दुसऱ्या कुणाच्या तरी मनातल्या एका विचाराला उपयोगी पडतो. क्लॅरिसाला त्याचा मृत्यू म्हणजे एक आव्हान वाटतं, कुणाला तरी गाठण्याची धडपड वाटते. टोपीबद्दल तिला काहीच माहीत नाही. आदल्या तासात तो हसत होता, फिती निवडत होता, हे त्या दिवाणखान्यात कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते रेझियाला, आणि तिला डॉक्टरांनी काहीतरी गोड पाजून झोपवलेलं आहे.