पाच मिनिटं, तीन स्लाइड्स, एकच मुद्दा

लाइटनिंग टॉकसाठी तुमचं नाव लागलंय. स्लाइड्स करायला बसण्याआधी आपला मुद्दा एका पूर्ण वाक्यात लिहून काढा, क्रियापदासकट. ‘सर्व्हरवरचे रिट्राय’ हा झाला विषय. ‘रिट्राय करण्याआधी प्रत्येक क्लायंटने रँडम वेळ थांबावं’ हा मुद्दा, कारण तो ऐकून कोणीही आपल्या कोडमध्ये एक ओळ बदलू शकतो.

आता हाच टॉक बांधूया.

पहिल्या स्लाइडवर फक्त एक आलेख. सर्व्हर क्षणभर बंद पडला, परत उभा राहिला, आणि सगळे क्लायंट एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडले. एका सेकंदाने, मग दोन, मग चार. दर वेळी तसाच सुळका. स्वतःची ओळख करून देऊ नका, नाव सूत्रसंचालकाने सांगितलेलं असतं. थेट विचारा, ‘सावरलेला सर्व्हर पुन्हा का पडतोय?’ उत्तर लगेच द्या, म्हणजे तुमचं ते वाक्य दीड मिनिटाच्या आतच लोकांच्या कानावर पडेल.

दुसऱ्या स्लाइडवर एकच ओळ, शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढी मोठी:

```python
time.sleep(random.uniform(0, min(30, 2 ** attempt)))
```

थांबण्याची कमाल मर्यादा दर प्रयत्नाला दुप्पट होते, पण 30 सेकंदांपुढे जात नाही. त्या मर्यादेच्या आत नेमकं किती थांबायचं, ते रँडम ठरतं. याला दोन मिनिटं द्या. टॉक बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. सर्किट ब्रेकरबद्दल सांगावंसं वाटतं, किती रिट्रायनंतर सोडून द्यायचं तेही सांगावंसं वाटतं. सगळं खरं आहे, तरी काढून टाका. ठेवायची ती फक्त या उपायाची मर्यादा: सर्व्हरची क्षमताच कमी असेल, तर एवढ्याने भागणार नाही. हे न सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

तिसऱ्या स्लाइडवर पुन्हा तोच आलेख, बदलानंतरचा. दोन्ही आलेखांच्या अक्षांवरचं प्रमाण अगदी एकच ठेवा, नाहीतर सुळके खरंच बसलेत की नुसतं माप बदललंय, ते कळणार नाही. खाली तेच वाक्य. ‘धन्यवाद’ची स्लाइड नको, पुढचा वक्ता येईपर्यंत हा आलेख पडद्यावर राहू दे.

दीड, दोन आणि एक, म्हणजे साडेचार मिनिटं. उरलेलं अर्धं मिनिट प्रोजेक्टर जोडण्यात जातं. टायमर लावून, उभं राहून, मोठ्याने सराव करा; मनातल्या मनात बोलताना वेळ नेहमी कमी लागतो. पाच मिनिटं वीस सेकंद झाली, तर बोलायचा वेग वाढवू नका, दुसऱ्या स्लाइडमधून वाक्यं कापा.

मग टॉक एखाद्या सहकाऱ्याला ऐकवा आणि तासाभराने विचारा, ‘काय करायला सांगितलं मी?’ ‘रिट्रायबद्दल काहीतरी होतं’ असं उत्तर आलं, तर रेकॉर्डिंग ऐका आणि मुख्य वाक्य कितव्या मिनिटाला आलं ते बघा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आलं असेल, तर आधीची प्रस्तावना उडवा आणि ते पहिल्या स्लाइडवर आणा.