मधात घुसणारा

(दृश्य: नागपूर स्थानकाचं आरक्षण केंद्र. सकाळचे साडेदहा. खिडकीसमोर बारा माणसं.)

वातानुकूलित डब्यांचं तत्काळ दहाला सुरू झालं. स्लीपरचं अकराला उघडेल. हातात भरलेले फॉर्म आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. पहिला नंबर आहे पहाटे घरून निघालेल्या एका काकांचा. ते आता पायरीवर बसलेत, पण त्यांचा नंबर पहिलाच, हे मागच्या अकरा जणांना पाठ आहे.

एवढ्यात एक जण येतो आणि चौथ्या माणसाच्या कानाशी लागतो. "भाऊ, जरा मधात येऊ द्या नं. एकच तिकीट काढाचं आहे."

चौथा जरा सरकतो. "या जी."

इथं थोडा हिशेब मांडू. तत्काळ क्षणभर बाजूला ठेवा, साधी बिल भरायची लाईन आहे असं धरा. एका माणसाला तीन मिनिटं लागतात. नव्या माणसाच्या मागे आता नऊ जण आले. प्रत्येकाची तीन मिनिटं गेली, म्हणजे सगळ्यांची मिळून 27. आणि तो रीतसर शेवटी उभा राहिला असता तर? पुढे बारा जण, 36 मिनिटं थांबावं लागलं असतं. आता नऊ मिनिटांत पाळी येईल. त्याची वाचली 27.

आकडा तोच. घुसखोरीनं खिडकी मंदावली नाही, एकूण वेळ वाढला नाही. नऊ खिशांतून तीन-तीन मिनिटं निघाली आणि एका खिशात गेली. म्हणून "लाईन मोडली की सगळ्यांचाच खोळंबा होतो" हे आपलं लाडकं वाक्य तितकंसं खरं नाही. खोळंबा मागच्यांचाच होतो.

(दृश्य: मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे. कुणी मोबाईलमध्ये, कुणी छताकडे पाहतोय.)

मग ते नऊ जण गप्प का? तीन मिनिटांसाठी कोण भांडणार, हे एक कारण. दुसरं जास्त रंजक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या 129 रांगांत मुद्दाम माणसं घुसवली, नेमकी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. हा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. एकटा माणूस घुसला तेव्हा साधारण निम्म्या रांगांत कुणीतरी हरकत घेतली. दोघं घुसले तेव्हा दहापैकी नऊ रांगांत. पण काही रांगांत त्यांनी घुसणाऱ्याच्या थेट मागे आपलीच दोन माणसं आधीपासून उभी केली होती, मुद्दाम गप्प राहणारी. तिथं विरोध जवळपास संपलाच.

म्हणजे बोलायचं काम थेट मागच्याचं, असं सगळी रांग मनात धरून चालते. तो गप्प, तर "असेल त्याचा ओळखीचा" म्हणून बाकीचेही गप्प. आपला चौथा तर गप्पही नव्हता, त्यानं "या जी" म्हटलं. मन मोठं दाखवलं खरं, पण तीन मिनिटं त्याची गेली आणि 24 मागच्या आठ जणांची, ज्यांना कुणी विचारलंच नाही. "काका, माझाही फॉर्म देऊन द्या नं" म्हणत पुढच्याच्या हातात कागद सरकवणं हाही तोच प्रकार. फक्त इथं घुसणारा दिसत नाही.

(दृश्य: घड्याळात अकरा. खिडकी उघडते.)

आता तत्काळ परत आणू. इथं मिनिटं मोजून भागत नाही. त्याच गाडीच्या त्याच जागा याच क्षणी देशभरच्या खिडक्यांवर आणि मोबाईलवरही विकल्या जाताहेत. तत्काळच्या एका फॉर्मवर चार प्रवासी चालतात. "एकच तिकीट" म्हणजे चार बर्थ असू शकतात. तोटाही सारखा वाटला जात नाही. पाचव्याला बहुतेक काहीच फरक पडत नाही. ज्याच्या पाळीला जागा संपतात, त्याचं मात्र सगळंच जातं, आणि आपली जागा नेमकी कुणामुळे गेली हे त्याला कधी कळत नाही. तो गर्दीला दोष देत घरी जातो.

खिडकीवर फॉर्म सरकताहेत. मागून आवाज येतो, "काऊन जी, आम्ही का इथं फुकट उभे आहो?" बोलणारी अकराव्या नंबरची बाई आहे. घुसलेला वळून म्हणतो, आईला ॲडमिट केलंय, आजच निघायचं आहे. खरं असेल, नसेल. रांगेला तपासता येत नाही.

चौथा माणूस खाली पाहतो. मग फॉर्मची घडी करून तो रांगेतून बाहेर पडतो. "माह्या जागी जाऊ द्या यांना," असं म्हणून चालत मागे जातो आणि बाराव्याच्या पाठीशी उभा राहतो.

पाचव्याचा नंबर पुन्हा पाचवा होतो. अकरावी अकरावीच.