बाहीची लांबी शेवटच्या दोन इंचांत नसते

नमस्कार. विषय कळवलाय तसाच आहे, बिनशिवणीच्या स्वेटरचं अंग आणि बाह्या कमी-जास्त लांब कशा करायच्या. गोल सुईवर वरून खाली विणलेला साधा सुलट विणीचा स्वेटर डोळ्यासमोर ठेवा. पण आधी बाहीबद्दल बोलते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

पॅटर्नमध्ये बाहीपाशी येऊन लिहिलेलं असतं, ‘हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणा.’ एवढंच! कुठे विणा, घटीचं काय करा, काही नाही. आणि आपण काय करतो, शेवटी कफच्या आधी दोन इंच जास्त विणतो नाहीतर दोन इंच आधी थांबतो. मीही सासूबाईंच्या स्वेटरला तेच केलं होतं. त्यांचे हात आखूड, पॅटर्नपेक्षा पाच सेंटिमीटर कमी हवे होते, म्हणून मी पाच सेंटिमीटर आधी थांबले आणि कफ घातला. लांबी अगदी बरोबर आली. पण त्या कणीक मळायला बसल्या की कफ घसरून पार बोटांपर्यंत यायचा, वर सारला की परत खाली. त्या काही बोलल्या नाहीत, पण चार दिवसांनी स्वेटर घडी घालून कपाटात गेला आणि ते मला फार लागलं.

मग मी कफचे टाके मोजले. अठ्ठेचाळीस! पॅटर्नमध्ये होते 44.

आता हे नीट बघा, सगळी गोष्ट इथेच आहे. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 28 फेऱ्या. दंडाला 64 टाके, मनगटाला 44, म्हणजे 20 टाके घटवायचे, एका घटीच्या फेरीत दोन, म्हणून अशा 10 फेऱ्या. काखेपासून कफपर्यंत बाही 40 सेंटिमीटर, म्हणजे 112 फेऱ्या. पहिल्या 12 साध्या आणि मग दर दहाव्या फेरीला घट, बरोब्बर जमतं. मी पाच सेंटिमीटर आधी थांबले म्हणजे 14 फेऱ्या सोडल्या, 98 वर आले, आणि तोवर आठच घटी झाल्या होत्या. उरलेल्या दोन घटींचे चार टाके मनगटावर राहिले, जवळजवळ दोन सेंटिमीटर घेर जास्त. लांबीला कात्री लावताना मी आकाराला पण लावली होती.

म्हणून माझं म्हणणं एकच, घटींची संख्या हलवायची नाही, त्यांच्यातलं अंतर हलवायचं. 98 मधून साध्या 12 वजा केल्या की उरतात 86, त्यात 10 घटी बसवायच्या. 86 ला 10 ने पूर्ण भाग जात नाही, तर सहा वेळा नवव्या फेरीला आणि चार वेळा आठव्या फेरीला घट घ्या, आलटूनपालटून, म्हणजे उतार सलग दिसतो. वरून खाली विणलेला असल्यामुळे मी कफ उसवला, पहिल्या घटीपर्यंत मागे गेले आणि अशी परत विणली. मनगटाला 44 टाके, कफ जागच्या जागी. बाही वाढवायची असेल तर हेच उलटं, अंतर अकरा-बारा फेऱ्यांचं होतं. फक्त फार आखूड करताना घटी तीन-चार फेऱ्यांवर यायला लागल्या तर बाही फनेलसारखी दिसते, तेव्हा वरच्या साध्या 12 मधल्या काही फेऱ्या घटींना द्या.

बरं, चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. अंगाचं पटकन सांगते.

अंगात कंबरेला आधी घट आणि मग वाढ असते, त्यामुळे आधी ठरवा की लांबी कंबरेच्या वर हवी की खाली. काखेपासून स्वतःच्या कंबरेपर्यंत टेप लावा. अंतर पॅटर्नपेक्षा चार सेंटिमीटर जास्त आलं तर 11 फेऱ्या वरच्या घटींच्या अंतरांत वाटा. त्या सगळ्या खाली बॉर्डरपाशी घातल्या तर स्वेटरची कंबर बरगड्यांवर बसते आणि हात वर केला की स्वेटर वर चढतो, तिथून ओळखायचं. कंबर बरोबर असून खालीच आखूड पडत असेल तर वाढीच्या फेऱ्यांमधलं अंतर वाढवा. काखेच्या वर, गळ्यापर्यंतच्या भागाला हात लावू नका, तिथली खोली बाहीच्या घेराशी बांधलेली असते.

आणि खालून वर विणलेला असेल तर? टाके घातलेल्या बाजूने तो सरळ उसवत नाही. म्हणून अंग आणि बाह्यांची लांबी काखेत जोडायच्या आधीच नक्की करा. जोडून झाला असेल तर बॉर्डरच्या वर, जिथे घट-वाढ नाही अशा साध्या फेरीत एक टाका कापा, धागा हळूहळू ओढून फेरी मोकळी करा, वरचे टाके सुईवर घ्या आणि खाली विणत जा. या टाक्यांची दिशा उलटी असल्यामुळे वीण अर्धा टाका सरकते. साध्या सुलट विणीत ते दिसत नाही, पण उलट-सुलट पट्ट्यांत किंवा केबलमध्ये रेघ तुटलेली दिसते, तिथे मी कापत नाही.

टेप सगळ्यांनी आणलाय ना? चला, आधी काखेपासून कंबर मोजू.