आधी बादली, मग बाप्पा

(दृश्य: बाल्कनीत २० लिटरची बादली. बुडालेल्या मूर्तीच्या खांद्यावरून बुडबुडे वर येताहेत.)

उत्तरपूजा होऊन दहा मिनिटं झाली आहेत. हे बुडबुडे कोरड्या मातीतल्या हवेचे. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी शिरतंय आणि आतली हवा बाहेर लोटतंय. त्या रेट्याने मातीचे पापुद्रे सुटतात. आधी खांद्याचा, मग सोंडेचा. संध्याकाळपर्यंत बादलीत फक्त गाळ उरेल.

मूर्ती अशी विरघळायची, तर तयारी या बादलीपासूनच सुरू करावी लागते.

(दृश्य: ठाणे, वर्तकनगर. दुसऱ्या मजल्यावरचं घर. चतुर्थीला साडेतीन आठवडे आहेत. मायलेकी टेपने बादली मोजताहेत.)

बादलीची आतली खोली १२ इंच, तळ ९ इंच. मुकुटावर किमान दोन इंच पाणी हवं, आणि कडेने मातीला पसरायला जागा हवी. म्हणून मूर्तीची उंची ठरली ९ इंच आणि आसन ६ इंच. फूटभराची मूर्ती हवी असेल तर बादली चालणार नाही, पसरट टब घ्यावा लागेल. मुकुट पाण्याबाहेर राहिला तर तेवढा भाग तसाच राहतो.

(दृश्य: परातीत शाडूची पूड. वरून पाण्याची बारीक धार.)

शाडूची पूड अडीच किलो, पाणी साधारण पाऊण लिटर. पाणी एकदम ओतायचं नाही. मळून झालेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की पाणी सगळीकडे सारखं मुरतं. सकाळी त्याची बोटाएवढी वळी करून वाकवून पाहायची. वळीला चिरा पडल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. त्यात मूठभर कापूस अगदी पिंजून, धागे मोकळे करून मिसळलाय. सोंड आणि बोटं यांना तोच धरून ठेवतो.

सोंडेत तार किंवा टूथपिक घालायचा मोह इथे होतो. तो टाळायलाच हवा. माती वाळताना आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि नेमकी तारेवरची माती तडकते. हात शरीराला टेकलेले ठेवले की तारेची गरजच पडत नाही.

जोडताना दोन्ही बाजूंवर सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, तिथे पातळ कालवलेली माती लावायची आणि मगच दाबायचं. नुसता गुळगुळीत हात गुळगुळीत खांद्याला चिकटवला, तर तो वाळल्यावर अलगद हातात येतो.

(दृश्य: मूर्ती आडवी, मऊ उशीवर. चमच्याने खालून माती कोरताहेत.)

दुसऱ्या दिवशी मूर्ती जरा कडक झाली की खालून पोकळ करायची. कडेने दोन सेंटिमीटर जाडी ठेवली आहे. भरीव मूर्ती बाहेरून वाळते आणि आतून ओलीच राहते. कोरलेली माती डब्यात परत गेली.

(दृश्य: आसनाखाली वर्तमानपत्राचे दोन थर. शेजारी थेट पाटावर वाळवलेला, तडकलेला नमुना.)

ही भेग नीट पाहा. पाटाला चिकटलेल्या तळाला आक्रसायला वाव मिळाला नाही, म्हणून तो मधोमध फाटला. ९ इंचांची मूर्ती वाळेपर्यंत साधारण साडेआठ इंच होते. खाली कागद असला की तळ सरकत सरकत लहान होतो.

पहिले तीन दिवस मूर्तीवर सैलसर ओलसर फडकं. नंतर उघडी, पण पंख्याखाली नाही आणि उन्हातही नाही. ठाण्यातल्या श्रावणाच्या दमट हवेत तिला बारा-चौदा दिवस लागतात. गालाला लावून गार लागली तर आत ओल आहे. त्याहून खात्रीची परीक्षा स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते: लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं, की मूर्ती वाळली.

ही परीक्षा बादलीसाठीच आहे. कोरडी माती पाणी शोषते आणि सुटते. अर्धी ओली मूर्ती आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे ती बादलीत तासन्‌तास गोळा होऊन बसते.

“आई, कानामागे भेग आली गं.”

“ओली माती नको भरूस, तीही आक्रसेल. पूड घे, डिंकात कालव.”

वाळलेल्या मातीची पूड डिंकाच्या पाण्यात घट्ट कालवून, भेग किंचित ओलसर करून दाबून भरली. डिंक जपून वापरायचा.

(दृश्य: वाट्यांत रंग. मातीच्या तुकड्यांवर नमुने.)

१०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, म्हणून दोन थेंब लवंगेचं तेल. शेल्याला गेरू, पीतांबराला पिवडी, अंगाला खडूच्या पुडीत चिमूटभर गेरू.

पीतांबराला हळद का नाही, ते या दोन तुकड्यांत दिसतं. डावीकडे चुन्याचा हात देऊन वर हळद लावली, ती लालसर झाली. चुना आणि हळद यांचं कुंकू होतं, तेच इथे झालं. उजवीकडे नुसती हळद आहे, ती उजेडात चारच दिवसांत फिकी पडली. बिटाचा रंगही असाच तपकिरी होतो. गेरू आणि पिवडी मुळात माती आहेत, त्या टिकतात आणि शेवटी मातीतच मिसळतात.

रंग बोटावर उतरला तर डिंक कमी, पोपडे सुटले तर जास्त. हात हलका हवा; कुंचला त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवला तर खालची माती सुटून रंगात येते. डोळ्यांच्या आखणीसाठी तुपाचं काजळ घेऊ नये, ते डिंकाच्या पाण्यात मिसळत नाही. लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळते. वरून वॉर्निश नाही. त्याचा पातळ थरसुद्धा पाणी अडवतो.

(दृश्य: पाच दिवसांचं मखर. ताग, जुनी पैठणी, झेंडूच्या माळा. नैवेद्य, आरती.)

(दृश्य: कळवा पूल. खाडीचं पाणी.)

ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पीओपीची मूर्ती शाडूसारखी पाण्यात विरघळत नाही.

(दृश्य: बादली, दुसरा दिवस. वर नितळ पाणी, तळाशी करडा थर.)

फुलं, दूर्वा आणि हारातले नायलॉनचे दोरे मूर्ती बुडवण्याआधीच काढले होते. निर्माल्य सुक्या पाल्यात, एकाला दोन या मापाने मिसळून खताच्या डब्यात गेलं. वरचं पाणी थोडं थोडं कुंड्यांना.

गाळ मात्र कुंडीत ओतू नये. शाडू इतकी बारीक असते की कुंडीत तिचा थर वाळून पापडासारखा कडक होतो, पाणी वरच साचतं आणि मुळं गुदमरतात. द्यायचीच असेल तर दहा भाग मातीत एक भाग, नीट मिसळून.

(दृश्य: जुन्या चादरीवर गाळ. मुलगी चमच्याने राहिलेली पाकळी काढते आहे.)

चादर पाणी गाळते, माती धरून ठेवते. चार दिवसांनी वड्या पाडून सावलीत वाळवल्या. डब्यातली कोरलेली मातीही त्यांत आली. काट्यावर सव्वादोन किलो भरली. गेरूमुळे छटा किंचित तांबूस आहे.

(दृश्य: माळ्यावर डबा. झाकणावर खडूने लिहिलंय: शाडू, सव्वादोन किलो.)

पुढच्या वर्षी पाव किलो नवी लागेल.