पासवर्ड चालतो, पण फोल्डर उघडत नाही : मोबाइलवरच्या एफटीपी सर्व्हरविषयी

(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार काकांकडे जानेवारीत मी दिवसभर बसले होते. त्या दिवसाचीच गोष्ट आज सांगणार आहे, कारण मोबाइलवर एफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणारी सोय, चालवताना जे अडतं ते जवळजवळ सगळं त्या एका दिवसात समोर आलं.

काकांच्या मोबाइलचं चार्जिंगचं सॉकेट खराब झालं होतं. चार्जिंग व्हायचं, पण केबल लावली तरी लॅपटॉपला मोबाइल दिसायचा नाही. आत तीन हंगामांचे बागेचे फोटो होते. खरड छाटणीनंतरच्या काड्या, गोडी छाटणीनंतरची फूट, पानावर डाऊनी दिसली तो दिवस, भुरीचे डाग, फवारणीनंतर चार दिवसांनी तेच पान. सगळे मिळून ६,२४० फाइली, ३८ जीबी. शेतावर ब्रॉडबँड नाही, आणि मोबाइलच्या डेटावरून ३८ जीबी वर चढवायचे म्हणजे पॅक संपणार. म्हणून मोबाइलमध्येच एफटीपी सर्व्हरचं अ‍ॅप टाकलं. अशी बरीच अ‍ॅप आहेत. मी प्रिमिटिव्ह एफटीपीडी वापरते, ते मुक्तस्रोत आहे. मोबाइल फाइली देणारा होतो आणि लॅपटॉप मागणारा, इतकाच हा मामला.

वायफाय नव्हतं, तर मोबाइलचाच हॉटस्पॉट सुरू केला आणि लॅपटॉप त्याला जोडला. इथे हमखास विचारलं जातं की यात डेटा जातो का. फाइली मोबाइलवरून थेट लॅपटॉपवर येतात, इंटरनेटवर जातच नाहीत, त्यामुळे पॅकमधून काही कापलं जात नाही. फक्त लॅपटॉपला आयतं इंटरनेट मिळालं की तो आपले अपडेट उतरवायला लागतो. त्याकडे मात्र लक्ष ठेवायचं.

आता मोबाइलचा पत्ता हवा. अ‍ॅप दाखवतं, पण हॉटस्पॉट असताना त्यावर विसंबू नका. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाइप करा आणि `Default Gateway` समोरचा आकडा घ्या. हॉटस्पॉट देणारा मोबाइलच तिथे दरवाजा असतो, म्हणून तो आकडा मोबाइलचाच. काकांकडे 192.168.43.1 आला, नव्या मोबाइलवर वेगळाही येतो. पोर्ट अ‍ॅपमध्ये दिसेल तेच घ्यायचं, आमच्याकडे 2121 होतं. एफटीपीचं मूळ पोर्ट २१, पण रूट न केलेल्या अँड्रॉइडवर साध्या अ‍ॅपला १०२४ च्या खालचं पोर्ट उघडता येत नाही, म्हणून ही अ‍ॅप वरचा आकडा घेतात. पत्ता टाकताना तो द्यावाच लागतो. आणि हे ब्राउझरमध्ये टाकू नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. मी लॅपटॉपवर फाइलझिला हा एफटीपीने फाइली मागवणारा प्रोग्राम वापरते.

फाइलझिलात पत्ता, नाव, पासवर्ड, पोर्ट भरलं. पासवर्ड स्वीकारला गेला. काका खूश झाले. आणि मग काहीच नाही. फोल्डरांची यादी येईना. थोड्या वेळाने लाल अक्षरात `Failed to retrieve directory listing`.

इथे बहुतेक जण पासवर्ड बदलतात, अ‍ॅप काढून दुसरं टाकतात. त्याने काही होत नाही, कारण चूक तिथे नसतेच. एफटीपीमध्ये एक नाही, दोन जोडण्या असतात. एक बोलण्याची: नाव सांग, पासवर्ड सांग, यादी दे. दुसरी मालाची: यादी आणि फाइली त्यावरून येतात, आणि ती दर वेळी नव्याने उघडते. बाजारात सौदा एका ठिकाणी ठरतो आणि माल दुसऱ्या गेटवरून उचलायचा असतो, तसं. गेटचा पत्ता चुकीचा सांगितला तर सौदा होऊनही हात रिकामे. आमचा सौदा झाला होता, गेट सापडत नव्हतं. आणि ते गेट कुठलं हे फाइलझिलाच्या वरच्या चौकटीत लिहिलेलं असतं. काकांकडे ही ओळ होती:

```
227 Entering Passive Mode (10,84,17,203,156,78)
```

पहिले चार आकडे म्हणजे पत्ता, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. पोर्ट काढायचं तर पाचव्या आकड्याला २५६ ने गुणायचं आणि सहावा मिळवायचा: १५६ गुणिले २५६ म्हणजे ३९,९३६, अधिक ७८ म्हणजे ४०,०१४. पोर्ट ठीक होतं. पत्ता पाहा. आपण 192.168.43.1 ला जोडले गेलोय आणि मोबाइल सांगतोय, माल 10.84.17.203 वर घे. हा पत्ता मोबाइल कंपनीच्या नेटवर्कचा. हॉटस्पॉट आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू, म्हणून मोबाइलला दोन पत्ते, आणि अ‍ॅपने नको तो उचलला. लॅपटॉप बिचारा तिथे जाऊन वाट बघत बसला.

उपाय सोपा होता. मोबाइल डेटा बंद केला, हॉटस्पॉट तसाच ठेवला, अ‍ॅपमधला सर्व्हर थांबवून परत सुरू केला. ओळीत 192,168,43,1 आलं आणि त्याच क्षणी यादी उघडली. मोबाइलवर व्हीपीएन चालू असेल तरी अशीच गत होऊ शकते. ही २२७ ची ओळ वाचायला शिका, अर्धी अडचण तिथेच उलगडते.

नकल सुरू करण्याआधी मी एकच गोष्ट केली. फाइलझिलाच्या `Transfer` मेनूत `Preserve timestamps of transferred files` ला खूण केली. नाहीतर सगळ्या फाइलींवर आजची तारीख पडते. कॅमेऱ्याच्या फोटोत आतही तारीख असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती सहसा नसते, आणि काकांना कृषी सल्लागाराने पाठवलेले बरेच फोटो तसेच होते. फवारणीच्या नोंदीत तारीख गेली तर फोटोचा अर्थच गेला.

काकांच्या फोल्डरांची नावं मराठीत होती, ‘गोडी छाटणी २०२४’ अशी. विंडोजच्या नेहमीच्या फाइल एक्सप्लोररमधूनही एफटीपी उघडतं, पण तिथे अशा नावांची कडबोळी होताना मी पाहिली आहेत. फाइलझिलात ती नीट आली. तुमच्याकडे बिघडली तर साइट मॅनेजरच्या `Charset` मध्ये `Force UTF-8` निवडा.

वेग सेकंदाला साधारण ४ एमबी मिळत होता. ३८ जीबीला त्या हिशेबाने दोन तास अडतीस मिनिटं. मोबाइलला जमत असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाकावा, वेळ बराच कमी होतो. काकांच्या मोबाइलला ते नव्हतं. आम्ही जेवायला बसलो, आणि तेवढ्यात मोबाइलची स्क्रीन बंद झाली, बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने अ‍ॅपच झोपवलं. परत आलो तर `Failed transfers` खाली फाइलींची रांग. चूक माझी. अ‍ॅपची बॅटरी सेटिंग आधीच निर्बंधमुक्त करायला हवी होती. ती केली, मोबाइल चार्जिंगला लावला, त्या यादीवर राइट क्लिक करून सगळ्या फाइली पुन्हा रांगेत घातल्या. अर्धवट उतरलेल्या फाइलीबद्दल विचारलं तेव्हा ‘आकार वेगळा असेल तर वरून लिही’ हा पर्याय घेतला, ‘वगळा’ नव्हे. वगळलं तर अर्धाच फोटो राहतो.

या जोडणीत पासवर्ड आणि फाइली दोन्ही उघड्याच जातात. आमचा हॉटस्पॉट पासवर्डाचा आणि त्यावर आम्ही दोघंच, म्हणून हरकत नव्हती. एसटी स्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर हे करू नका. नुसतं उतरवून घ्यायचं असेल आणि अ‍ॅपमध्ये ‘फक्त वाचन’ असा पर्याय असेल तर तो लावा.

संध्याकाळी काका म्हणाले, आता मोबाइल रिकामा करून टाकू. मी थांबवलं. एफटीपीवरून पुसलेली फाइल लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, ती गेलीच. आधी लॅपटॉपवर फोल्डरचे गुणधर्म उघडून मोजलं: ६,२४०. मग शेवटी उतरलेले तीन मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहिले. मग एका वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत केली, आणि त्यानंतर अ‍ॅपमधला सर्व्हर थांबवून हॉटस्पॉट बंद केला. पुसायचं काम काकांनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच, एकेक हंगाम बघून केलं.