पगाराच्या आठवड्यात रिकाम्या झालेल्या जागा

बुटीबोरीच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव नको. जानेवारी ते मार्चमध्ये तिथे ४८ जण लागले, नव्वद दिवसांच्या आत १७ गेले. मॅनेजरनी मला पहिल्याच भेटीत गुन्हेगार दाखवला: दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर. त्याच्याकडच्या २८ पैकी १२ गेले होते, बाकीच्यांकडच्या २० पैकी फक्त ५. "बदला त्याला," म्हणाले.

मी विचारलं, ही माणसं आणली कोणी? काही कंत्राटदाराकडून आली होती, काही जुन्या कामगारांच्या ओळखीनं. मग तेच आकडे पुन्हा मांडले. या सुपरवायझरकडे कंत्राटदाराची २२ माणसं, त्यातली ११ गेली. इतरांकडे कंत्राटदाराची ८, त्यातली ४ गेली. म्हणजे दोन्हीकडे निम्मी. ओळखीनं आलेल्यांपैकी त्याच्याकडे सहात एक गेला, इतरांकडे बारात एक. सहा-बाराच्या आकड्यांवर फार जोर देऊ नये, पण एवढं दिसलं की त्याच्या वाट्याला कंत्राटदाराची माणसं जास्त आली होती.

आता कारण. फॉर्मवर सगळ्यांनी 'घरची अडचण' लिहिली होती. ती कोण लिहीत नाही? सोडल्याची तारीखही कामाची नव्हती, कारण नाव कापायला ऑफिसला दहा-बारा दिवस लागत. म्हणून गेटवरचं शेवटचं पंचिंग काढलं. कामाला लागल्यापासूनचे दिवस मोजले तर सगळं विस्कळीत: कोणी पंधराव्या दिवशी, कोणी चाळिसाव्या. कॅलेंडरवर मांडलं तेव्हा उलगडलं. कंत्राटदाराच्या १५ पैकी १० जण कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या सात तारखेनंतर चार-पाच दिवसांत गेले होते. पगार सातला व्हायचा.

एकाला फोन लावला. म्हणाला, "पंधरा सांगितले, तेरा बी नाही आले. काहून थांबाव सर?" हिशेब सरळ आहे. पंधरा हजार सगळे पीएफला धरले तर १२ टक्क्यांनी १८०० गेले, ईएसआयचे ११३, प्रोफेशनल टॅक्सचे २००. हातात १२,८८७. कंत्राटदारानं पंधरा 'हातात' म्हणून सांगितले होते. चूक भरतीतली, पण ती कामावर दीड-दोन पगारांनी उघडी पडली, म्हणून सुपरवायझरच्या माथी बसली.

ट्रेनिंगचा दोष असता तर एकाच कंत्राटदाराची माणसं बॅचनुसार कमी-जास्त गेली असती. तसं दिसलं नाही.

पुढच्या बॅचला नेमण्याआधी कपातीसकट पगाराची चिठ्ठी हातात दिली. ३० पैकी आठ जण गेटवरूनच परत गेले, कंत्राटदार भडकला. लागलेल्या २२ पैकी तीन महिन्यांत चार गेले. त्यातले तिघं त्याच सुपरवायझरचे, आणि सात तारखेशी त्यांचा काही संबंध नव्हता. आता त्याच्या लाइनवरच्या जुन्या कामगारांच्या रजा आणि बदलीचे अर्ज काढायला सांगितलेत.