पाच वाजताची बाटली

[दृश्य: गोकुळ शिरगाव एमआयडीसी. रात्री पावणेअकरा. गेटवर दुचाकींची रांग.]

थर्ड शिफ्ट सुरू व्हायला पंधरा मिनिटं आहेत. गेटसमोरच्या टपरीवर चहापेक्षा जास्त खप आहे तो वीस-पंचवीस रुपयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा. लालभडक किंवा पिवळ्या रंगाचं गोड पाणी, वर ताकदीची चित्रं. कामावर जाणारा प्रत्येक तिसरा-चौथा माणूस एखादी बाटली पिशवीत टाकून आत जातो.

आपली गोष्ट आहे सीएनसी मशीन चालवणाऱ्या एका ऑपरेटरची. वय एकतीस, राहायला गडमुडशिंगीत. एक हप्ता फर्स्ट, एक सेकंड आणि एक नाइट, अशी त्याची पाळी फिरते. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही. त्याला नोकरी करायची आहे.

[दृश्य: मशीनवर फिरणारं कास्टिंग, कूलंटचा फवारा]

नाइटच्या हप्त्यात त्याच्या पिशवीत तीन बाटल्या असतात. एक कामाला लागताना, साडेअकराच्या सुमारास. दुसरी दोन वाजता. तिसरी पहाटे पाचला. ही तिसरी बाटली कामासाठी नसते, घरी जायच्या रस्त्यासाठी असते.

"मशीनपाशी उभं राहिलं की झोप येत न्हाई ओ," तो सांगतो. "भ्या वाटतं ते गाडीवर. सकाळी हायवेवर ऊन आलं की डोळं आपोआप मिटत्यात. म्हणून पाचला एक मारायची."

आता या बाटलीत काय आहे ते पाहू. साखर आहे, जीवनसत्त्वांची नावं आहेत, पण झोप उडवतं ते कॅफिन. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे अडीचशे मिलीच्या बाटलीत साधारण 75. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि तेच आपल्याला पेंगवतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा आहे तसाच राहतो, त्याची वर्दी तेवढी मेंदूपर्यंत पोचत नाही.

आणि कॅफिन लवकर हलत नाही. धडधाकट माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. या हिशेबाने आपल्या ऑपरेटरची एक रात्र मांडली, तर सकाळी साडेआठला तो अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा साडेअकराच्या बाटलीतलं वीसेक मिलिग्रॅम उरलेलं असतं, दोनच्या बाटलीतलं तीसेक आणि पाचच्या बाटलीतलं पंचेचाळीस. बेरीज शंभराच्या घरात. म्हणजे एक अख्खी बाटली पिऊन वर आणखी घोटभर घ्यावी आणि झोपायला जावं, असं ते झालं. त्या शंभरातलं जवळपास निम्मं एकट्या पाच वाजताच्या बाटलीचं आहे.

[दृश्य: पत्र्याचं घर, दुपारचं ऊन, खिडकीला लावलेली चादर]

दिवसाची झोप तशीही कच्ची. सकाळ झाली की शरीराचं तापमान चढायला लागतं आणि शरीर जागं व्हायच्या तयारीत असतं. त्यात पत्रा तापतो, शेजारी मिक्सर चालू होतो, गॅसची टाकी आली म्हणून आईला हाक मारावी लागते. पहिल्या दिवशी तो साडेबाराला उठून बसला. बायको म्हणाली, "अहो, आत्ताच उठलासा? पडा की अजून जरा." पण डोळा लागत नाही. चार तास झाले की झोप संपते, थकवा संपत नाही.

कॅफिनमुळे झोप मोडली, हे त्याला पटत नाही. "पडल्या पडल्या झोप लागती की," तो म्हणतो. लागतेही. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तेव्हा यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली. झोपणाऱ्यांना मात्र ती घट तेवढी जाणवली नव्हती. आपल्या ऑपरेटरचा डोस त्याहून कमी आहे, पण त्यातला शेवटचा झोपेच्या साडेतीनच तास आधीचा.

तिसऱ्या रात्री बाटल्यांचा जोर पुरेना. दोनला प्यालेली अडीचलाच उतरली असं त्याला वाटलं. तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या पोराने पाकिटातून एक पत्ता काढला.

"ही घे भावा. बाटलीबिटली काय न्हाई. सकाळपर्यंत टक्क."

[दृश्य: गोळ्यांचा पत्ता, जवळून. त्यावरची लाल उभी रेघ.]

पत्त्यावर लाल उभी रेघ होती. ही रेघ सांगते की औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. गोळीचं नाव मोडाफिनिल. हे बनावट किंवा नशेचं औषध नव्हे. दिवसा अचानक झोप येण्याच्या आजारावर आणि रात्रपाळीमुळे जडलेल्या झोपेच्या विकारावर डॉक्टर ती देतात. पण देताना रक्तदाब पाहतात, हृदयाची तक्रार विचारतात, अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवून दाखवायला या असं बजावतात. घरातल्या बाईला देताना ती गर्भनिरोधक गोळ्या घेते का हेही विचारावं लागतं, कारण या औषधाने त्यांचा असर कमी होतो. शेजारच्या मशीनवरचा पोरगा यातलं काही विचारत नाही.

वेळही चुकली. रात्रपाळीसाठी ही गोळी शिफ्टच्या तासभर आधी घ्यायची असते. याने घेतली अडीच वाजता. तिचं निम्मं प्रमाण उतरायला पंधरा तासांच्या आसपास लागतात. सकाळी साडेआठला पाऊण भाग शरीरात होता आणि जोडीला पाचची बाटली. त्या दिवशी तो छताकडे बघत पडला. जेवणावर वासना नाही, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन तास डोळा लागला असेल. रात्री कामावर गेला तो आणखी एक गोळी मागूनच.

[दृश्य: कंट्रोल पॅनेलचा स्क्रीन, आकडे टाकणारी बोटं]

चौथी रात्र, पहाटेचे चार वाजून गेलेले. तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. गोळी घेतली म्हणून तो काळ टळत नाही. गेजवर मोजलं तेव्हा बोअर, म्हणजे कास्टिंगमधलं भोक, तीन शतांश मिलिमीटर लहान दिसला. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, घासला की असं होतंच. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, 0.03 वाढवायचं आणि पुढचा जॉब लावायचा, रोजचंच काम. त्याने टाकलं 0.3. स्क्रीनवर आकडा दिसत होता, त्याने तो पाहिलाही, पण चुकलंय हे डोक्यात शिरलं नाही. पुढचा जॉब गेज न लावताच पॅलेटवर ठेवला. त्याच्या पुढचाही. तिसरा जॉब मोजला तेव्हा कळलं. बोअर लहान असता तर पुन्हा कट मारून सुधारता आला असता. मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही. तिन्ही कास्टिंग रिजेक्शनच्या ट्रॉलीत गेली.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण कामगारांमध्ये याबद्दल मोठा गैरसमज आहे. गोळी घेतलेला माणूस टक्क जागा दिसतो, स्वतःलाही तसा वाटतो. पण 2005 मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रात्रपाळीने झोपेचा विकार जडलेल्या दोनशेहून अधिक कामगारांना तीन महिने पाहिलं होतं. औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 54 टक्के लोकांनी घरी जाताना अपघात झाला किंवा थोडक्यात टळला असं सांगितलं. खरी मोडाफिनिल मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 29 टक्के. फरक पडला, हे खरं. पण डॉक्टरच्या देखरेखीत, वेळेवर गोळी घेऊनही शंभरातले 29 जण रस्त्यावर अडचणीत आलेच. रात्री मोजून पाहिलं तेव्हाही त्यांची पेंग पुरती गेलेली नव्हती.

[दृश्य: महामार्ग, सकाळ. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली.]

पाचव्या रात्रीनंतरची सकाळ. उसाचा हंगाम सुरू होता. उजळाईवाडीच्या अलीकडे पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चाललेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. त्याला एवढंच आठवतं की ट्रॉली लांब होती, आणि मग उसाचं वाढं हँडलला घासलं. मधले काही सेकंद गायब. याला सूक्ष्म झोप म्हणतात. डोळे उघडे असले तरी मेंदू तेवढा वेळ झोपून घेतो. कॅफिन आणि गोळी दोन्ही त्या वेळी अंगात होती.

तो पडला नाही. गाडी कडेला लावून बसला आणि घरी न जाता दवाखाना उघडायची वाट बघितली.

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल, रक्तदाबाचा पट्टा]

रक्तदाब 148/96. डॉक्टरांनी आधी पत्ता मागून घेतला. मग विचारलं, शेवटची बाटली किती वाजता? घोरता का? सुट्टीच्या दिवशी किती झोपता? घोरणं विचारलं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसाची झोप कितीही वाढवली तरी माणूस ताजातवाना होत नाही. त्याची तपासणी वेगळी असते.

चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं, "दोन वाजल्यानंतर काहीही नाही." चहासुद्धा नाही. पहिली बाटली पूर्ण न पिता निम्मी अकराला, निम्मी साडेबाराला. एकदम ढोसण्यापेक्षा थोडं थोडं घेतलं तर तेवढ्याच कॅफिनवर रात्र जास्त सरळ जाते. दुसरी बाटली घ्यायचीच तर दोनच्या आत. संध्याकाळी सात ते साडेआठ झोपायचं, पोरं घरात असली तरी. आणि जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डोकं टेकायचं, मोबाइलला गजर लावून. वीस मिनिटांच्या पुढे गेलं की गाढ झोप लागते आणि उठल्यावर पाव तास हात-डोकं चालत नाही. मशीनवर ते धोक्याचं. ही अर्ध्या तासाची सुट्टी 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेली आहे, कुणाच्या मेहेरबानीची नाही.

सुपरवायझरला हे सांगायचं धाडस त्याला होईना. शेवटी खात्यातल्या एका जुन्या कामगाराने, सगळे ज्यांना मामा म्हणतात त्यांनी, तोंड उघडलं. "साहेब, ह्यो झोपंल ईस मिनिटं. मी बघतो मशीन. तीन जॉब गेल्यात ते परवडलं काय?"

पुढच्या नाइटच्या हप्त्यात पाचची बाटली बंद झाली. पहिले दोन दिवस घरी जाताना जास्तच पेंग आली, हेही सांगितलं पाहिजे. त्या दोन दिवसांत तो मामांच्या गाडीवर मागे बसून गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपला. रक्तदाब महिन्याभरात 130/84 वर आला. घोरण्याची तपासणी बाकी आहे.

डबल ड्युटी लागली की मात्र हा हिशेब कोलमडतो. सेकंडला जोडून नाइट म्हणजे सलग सोळा तास. संध्याकाळची झोप नाही, आणि बाटली कितीही वेळेवर प्यायली तरी ती झोप भरून निघत नाही. त्या रात्री तो गाडी कंपनीतच ठेवतो, सकाळी रिक्षाने घरी जातो आणि रिक्षाचे पैसे डबलच्या पैशातून वजा धरतो.